चारही स्पीकरचे नाव एकच. आपला कोणता, ते कसे ओळखावे?

पत्र

नमस्कार. मी आर्वी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. ग्रामपंचायतीने आमच्या चारही वर्गांना एकसारखे ब्लूटूथ स्पीकर दिले आहेत, पण मोबाइलवर चौघांचेही नाव BT SPEAKER असेच येते. मागच्या आठवड्यात मी तिसरीत कविता लावली, तर एक पोरगा धावत आला अन् म्हणाला, "मॅडम, कविता तं चौथीत वाजून रायली!" सेटिंगमध्ये जाऊन मी नाव बदलले, पण चौथीच्या सरांच्या मोबाइलवर अजून जुनेच नाव दिसते. परिपाठासाठी माजी विद्यार्थ्यांनी दिलेला एक चांगल्या कंपनीचा स्पीकरही आहे, त्यालाही नाव द्यायचे आहे. शिवाय एसटीत बसल्यावर माझा नेकबँड शोधताना तीच गत होते. सगळ्यांना दिसेल असे नाव कसे बदलावे?

— एक शिक्षिका, जि. वर्धा

उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही केलेला बदल बरोबर आहे. तो फक्त तुमच्या मोबाइलपुरता झाला आहे. ब्लूटूथच्या वस्तूला व्यवहारात दोन नावे असू शकतात. एक नाव स्पीकरच्या आतल्या चिपमध्ये कारखान्यातच भरलेले असते आणि स्पीकर जोडणीसाठी खुला असला की आसपासच्या सगळ्या मोबाइलना तो तेच नाव सांगतो. दुसरे नाव तुमचा मोबाइल स्वतःच्या सोयीसाठी लिहून ठेवतो. ते स्पीकरला माहीत नसते आणि सरांच्या मोबाइललाही माहीत नसते. मुलाचे दाखल्यावरचे नाव एक आणि घरी हाक मारायचे नाव दुसरे, तसाच हा प्रकार आहे: तुम्ही हाक मारायचे नाव बदलले, दाखल्यावरचे होते तसेच राहिले.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारायला हवा की तुमच्या स्पीकरचे आतले नाव बदलता येते की नाही. याचे उत्तर स्पीकर कोणी बनवला यावर अवलंबून असते. काही कंपन्या आपल्या स्पीकरसाठी मोबाइल ॲप देतात आणि त्या ॲपमधून दिलेले नाव थेट स्पीकरच्या स्मरणात जाऊन बसते. ज्या स्पीकरवर BT SPEAKER असे नुसते सर्वसाधारण नाव असते, खोक्यावर ॲपचा उल्लेख नसतो आणि माहितीपत्रकही एका कागदाचे असते, त्याचे आतले नाव वापरणाऱ्याला बदलता येईल अशी सोय बहुधा ठेवलेलीच नसते. बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवल्याने स्पीकर त्याला आधी जोडलेले मोबाइल विसरतो, नाव मात्र बदलत नाही. ब्लूटूथची नावे बदलून देतो असे सांगणारी जी इतर ॲप मिळतात, तीही तुमच्या मोबाइलमधलेच नाव बदलतात, तेव्हा त्यांच्यासाठी पैसे देऊ नयेत.

ग्रामपंचायतीने दिलेले चार स्पीकर या दुसऱ्या प्रकारातले आहेत असे तुमच्या वर्णनावरून दिसते आणि परिपाठाचा स्पीकर पहिल्या प्रकारातला असण्याची शक्यता आहे. दोघांचा मार्ग वेगळा आहे, म्हणून आधी चौघांचे पाहू.

मोबाइल एखादा स्पीकर ओळखतो तो नावावरून ओळखत नाही. प्रत्येक ब्लूटूथ वस्तूला एक पत्ता असतो. अंक आणि A ते F ही अक्षरे यांच्या सहा जोड्या मिळून तो बनतो, उदाहरणार्थ 41:42:7C:0A:5E:19. तुमच्या मोबाइलने लिहून ठेवलेले नाव याच पत्त्याला चिकटलेले असते. चार स्पीकरचे नाव एकच असले तरी त्यांचे पत्ते सहसा वेगवेगळे असतात आणि म्हणूनच मोबाइल त्यांच्या चार वेगळ्या ओळी दाखवतो. अडचण इतकीच आहे की कोणती ओळ कोणत्या वर्गातल्या स्पीकरची, हे त्या यादीकडे पाहून माणसाला कळत नाही. एकदा प्रत्येक पत्त्यासमोर योग्य नाव लिहिले गेले की त्या मोबाइलपुरती ही अडचण संपते.

हे काम शाळा सुटल्यावर करावे आणि त्या वेळी बाकीच्या शिक्षकांनी आपापल्या मोबाइलचे ब्लूटूथ बंद ठेवावे. याला कारण आहे. बहुतेक स्पीकर चालू होताच शेवटी जोडलेल्या मोबाइलचा शोध घेतात आणि तो जवळपास सापडला तर त्याला आपोआप जोडले जातात. एकदा जोडला गेलेला साधा स्पीकर इतर मोबाइलच्या शोधयादीत दिसेनासा होतो. अशा वेळी सरांचा मोबाइल टेबलावर पडून असेल आणि त्याचे ब्लूटूथ चालू असेल, तर चौथीचा स्पीकर तुम्हाला सापडणारच नाही, आणि तो बिघडला असे वाटून नसता शोध सुरू होईल. ब्लूटूथची पोहोच साधारणपणे दहा मीटरपर्यंत धरतात. मधली भिंत आवाज अडवते, पण हे संकेत कमीअधिक प्रमाणात पलीकडे जातात, त्यामुळे शेजारच्या वर्गातला स्पीकर तुमच्या यादीत येणे स्वाभाविक आहे.

आता मोबाइलच्या ब्लूटूथ यादीत BT SPEAKER नावाच्या जेवढ्या जुन्या ओळी असतील त्या सगळ्या काढून टाकाव्यात. तुम्ही नाव बदललेली ओळही काढावी, कारण ती नेमकी कोणत्या स्पीकरची आहे याची आज खात्री नाही. अँड्रॉइड मोबाइलवर त्या ओळीशेजारच्या चाकाच्या चिन्हावर बोट ठेवले की Forget किंवा Unpair असा पर्याय येतो. चारही स्पीकर बंद करावेत आणि फक्त पहिलीच्या वर्गातला स्पीकर चालू करावा. मोबाइलवर Pair new device निवडले की यादीत एकच BT SPEAKER दिसेल आणि तो निःशंकपणे पहिलीचाच असेल. एखादे गाणे लावून आवाज त्यातूनच येतो हे कानाने पडताळावे. मग पुन्हा त्याच्या ओळीशेजारच्या चाकाच्या चिन्हावर जावे, वरच्या बाजूला असलेल्या पेन्सिलीच्या चिन्हावर बोट ठेवावे आणि नवीन नाव लिहावे. काही मोबाइलवर पेन्सिलीऐवजी Rename असा शब्द असतो आणि चाकाऐवजी बाण असतो, क्रम मात्र हाच राहतो. नाव जतन झाल्यावर पहिलीचा स्पीकर बंद करूनच दुसरीचा चालू करावा. दोन स्पीकर एकाच वेळी चालू ठेवून वेळ वाचवण्याचा मोह टाळावा, कारण चूक होते ती नेमकी तिथेच.

नाव काय द्यावे, हा मला या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. "वर्ग 1", "वर्ग 2", "वर्ग 3", "वर्ग 4" अशी नावे डोळ्यासमोर लगेच येतात, परंतु वर्गात मुले समोर बसलेली असताना, घाईघाईने यादीकडे पाहताना, शेवटच्या एका अंकाचा फरक निसटतो आणि बोट भलत्या ओळीवर पडते. "जि. प. शाळा तिसरी" असे लांब नाव त्याहून वाईट, कारण अनेक मोबाइल ओळीत न मावणारा भाग कापतात आणि मग चारही ओळींवर फक्त "जि. प. शाळा" एवढेच उरते. ज्या अक्षराने फरक कळतो ते अक्षर सर्वांत आधी आले पाहिजे. तुमच्या बाबतीत मराठी आपोआपच मदतीला येते: "पहिली", "दुसरी", "तिसरी", "चौथी" या चारही शब्दांचे पहिले अक्षर निराळे आहे, शब्द आखूड आहेत आणि देवनागरीत ते एकमेकांसारखे दिसत नाहीत. मोबाइलमधले नाव देवनागरीत लिहायला काहीच अडचण नाही. शिक्षकांच्या नावाने स्पीकरला नाव देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. जिल्हा परिषदेत बदल्या होतात, वर्गही बदलतात, आणि मग "देशमुख सर" नावाचा स्पीकर पुढच्या वर्षी कोणत्या वर्गात आहे हे कोणालाच सांगता येत नाही. स्पीकर ज्या खोलीत राहतो त्या खोलीचे नाव टिकते.

आता सरांच्या मोबाइलचा प्रश्न. चारही वर्गशिक्षकांना हेच काम आपापल्या मोबाइलवर करावे लागेल, याला दुसरा इलाज नाही. परंतु प्रत्येकाने चारही स्पीकर जोडून घेण्याची मुळीच गरज नाही. चौथीच्या सरांनी फक्त चौथीचा स्पीकर जोडावा आणि बाकीच्या तिन्ही ओळी आपल्या यादीतून काढून टाकाव्यात. ज्या मोबाइलमध्ये दुसऱ्या वर्गाच्या स्पीकरची नोंदच नाही, त्यावरून चुकून तो जोडला जाण्याचा संभव फार कमी उरतो, कारण त्यासाठी नव्याने शोधून जोडण्याची पायरी मुद्दाम गाठावी लागेल. माझ्या मते तुमच्या शाळेतला निम्मा गोंधळ एवढ्यानेच मिटेल. एखादे शिक्षक दोन वर्ग एकत्र घेत असतील तर त्यांच्या मोबाइलमध्ये दोन ओळी राहतील आणि तिथे नावे उपयोगी पडतील.

दोन शिक्षकांच्या मोबाइलवर एकाच स्पीकरला दोन वेगळी नावे पडू नयेत यासाठी मोबाइलबाहेरही एक खूण हवी. स्पीकरच्या पाठीवर किंवा तळाला कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर पक्क्या शाईने तेच नाव लिहावे आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे मुलांच्या हातांनी ती निघणार नाही. त्या नावाखाली पत्त्याच्या शेवटच्या दोन जोड्या लिहाव्यात. अनेक अँड्रॉइड मोबाइलवर, जिथे नाव बदलले त्याच पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत हा पत्ता दिलेला असतो.

तुमच्या शाळेसाठी हे प्रत्यक्ष कसे दिसेल ते सांगतो. यातले आकडे केवळ नमुन्याचे आहेत. समजा, पहिलीच्या स्पीकरचा पत्ता 41:42:7C:0A:5E:19 निघाला, दुसरीचा 41:42:7C:0A:61:F3, तिसरीचा 41:42:7C:0A:5E:B0 आणि चौथीचा 41:42:7C:0A:58:2C. एकाच खेपेत आलेल्या वस्तूंचे पत्ते असेच सुरुवातीला सारखे आणि शेवटी वेगळे असतात, म्हणून पूर्ण पत्ता उतरवण्याचा खटाटोप न करता शेवटच्या दोन जोड्या पुरतात. तिसरीच्या पट्टीवर "तिसरी 5E:B0" असे येईल आणि पहिलीच्या पट्टीवर "पहिली 5E:19". इथे एकच जोडी लिहिली असती आणि ती शेवटून दुसरी असती, तर पहिली आणि तिसरी यांची गल्लत झाली असती, हे तुमच्या लक्षात येईल. उद्या नवीन शिक्षिका रुजू झाल्या आणि त्यांच्या मोबाइलवर दोन BT SPEAKER दिसू लागले, तर कोणताही स्पीकर बंद-चालू न करता, जोडल्यानंतरच्या पानावरचा पत्ता पट्टीशी ताडून त्या खात्री करून घेऊ शकतील.

एक गोष्ट क्वचित घडते, पण घडली तर माणूस चक्रावतो. अगदी स्वस्त मालात कधी कधी दोन वस्तूंचे पत्तेही एकच निघतात. असे असल्यास मोबाइल त्या दोघांना एकच समजतो आणि नाव बदलून त्यांना वेगळे करता येत नाही. हे ओळखायचे कसे? पहिलीचा स्पीकर जोडून त्याला "पहिली" हे नाव दिले, तो बंद केला, आणि मग दुसरीचा चालू केला असता तोही "पहिली" म्हणूनच दिसू लागला किंवा जोडणीला सारखा नकार देऊ लागला, तर पानाच्या तळाचा पत्ता पाहावा. तो तंतोतंत तोच असेल, तर ते दोन स्पीकर शेजारच्या वर्गांत ठेवू नयेत. एक पहिल्या खोलीत आणि दुसरा शेवटच्या खोलीत ठेवावा, आणि दोन्ही एकाच मोबाइलवर जोडू नयेत. दुकानदार बदलून देत असेल तर बदलून घेणे सर्वांत चांगले.

आता परिपाठाच्या स्पीकरकडे वळू. त्याच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात कंपनीच्या ॲपचे नाव आहे का, ते आधी पाहावे. JBL Portable आणि Bose Connect ही अशा ॲपची उदाहरणे आहेत. त्यांत त्या त्या कंपनीच्या अनेक मॉडेलना नाव देण्याची सोय आहे, सगळ्या मॉडेलना मात्र नाही, म्हणून ॲप उतरवून घेण्याआधी तुमचे मॉडेल त्यात चालते का याची खात्री करून घ्यावी. ॲप उतरवायला चांगले नेटवर्क लागते, तेव्हा गावात ते नीट येत नसेल तर तालुक्याला गेल्यावर ते उतरवून ठेवावे. प्रत्यक्ष नाव बदलण्याचे काम मोबाइल आणि स्पीकर या दोघांत ब्लूटूथवरूनच चालते, म्हणून ते शाळेत करता येईल, पण काही ॲप पहिल्यांदा उघडताना इंटरनेट मागतात, म्हणून ते तालुक्यालाच एकदा उघडून पाहावे.

स्पीकर आधी नेहमीप्रमाणे मोबाइलला जोडावा आणि मग ॲप उघडावे. ॲपला स्पीकर सापडत नाही, अशी तक्रार फार वेळा ऐकू येते. अँड्रॉइडच्या 6 ते 11 या आवृत्त्यांमध्ये ॲपला जवळची ब्लूटूथ उपकरणे शोधण्यासाठी स्थानाची परवानगी लागते आणि मोबाइलचे लोकेशनही चालू असावे लागते. 12 पासून त्यासाठी Nearby devices अशी वेगळी परवानगी आली. पहिल्यांदा ॲप उघडताना आपण घाईत ही परवानगी नाकारलेली असते आणि नंतर ॲप मुकाट्याने रिकामी यादी दाखवत राहते. मोबाइलच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या नावावर जाऊन ही परवानगी दिली की बहुतेक वेळा स्पीकर लगेच दिसू लागतो. ॲपमध्ये स्पीकरच्या नावाशेजारी पेन्सिलीचे चिन्ह असते, किंवा ॲपच्या आतल्या सेटिंगमध्ये नावाचा पर्याय असतो.

या स्पीकरचे नाव मात्र मी रोमन लिपीत ठेवायला सांगेन, उदाहरणार्थ PARIPATH. आतले नाव सगळ्यांच्या यंत्रांना वाचावे लागते आणि जुन्या मोबाइलवर किंवा साध्या पडद्यांवर देवनागरीच्या जागी कधी कधी नुसते चौकोन येतात. शिवाय देवनागरीला जागाही अधिक लागते. ब्लूटूथच्या नियमानुसार नावाला जास्तीत जास्त 248 बाइट इतकी जागा असते. रोमन अक्षर त्यातला एक बाइट घेते, तर देवनागरीतले प्रत्येक अक्षर, काना, मात्रा किंवा वेलांटी तीन-तीन बाइट घेते. "परिपाठ" या छोट्या शब्दात प, र, वेलांटी, प, काना आणि ठ असे सहा घटक आहेत, म्हणजे अठरा बाइट झाले, आणि PARIPATH मात्र आठ बाइटांत मावतो. 248 ही मर्यादा तशी ऐसपैस आहे, पण कंपन्यांची ॲप नावाला त्याहून बरीच कमी जागा देतात, आणि मग देवनागरी नाव मध्येच तुटते किंवा ॲप ते स्वीकारतच नाही.

नाव खरोखर स्पीकरमध्ये गेले की नाही, याची परीक्षा तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर होऊ शकत नाही, कारण तुमचा मोबाइल दोन्हीपैकी कोणतेही नाव दाखवू शकतो. ज्या मोबाइलला हा स्पीकर आजवर कधीही जोडलेला नाही असा एखादा मोबाइल घ्यावा, मग तो शाळेतल्या पोषण आहाराच्या ताईंचा असला तरी चालेल. तुमच्या मोबाइलचे ब्लूटूथ बंद करावे, स्पीकरचे ब्लूटूथचे बटण दाबून तो जोडणीसाठी खुला करावा आणि त्या तिसऱ्या मोबाइलवर नवीन उपकरण शोधावे. तिथे PARIPATH असे उमटले तर काम पक्के झाले. तिथे मॉडेलचे जुने नाव दिसले, तर बदल फक्त तुमच्या मोबाइलमध्ये झाला आहे असे समजावे. हीच परीक्षा तुमच्या चार स्पीकरपैकी एकावर केली, तर त्याचे आतले नाव बदललेले नाही हे तुम्हाला प्रत्यक्षच दिसेल.

तिसऱ्या मोबाइलवर नवे नाव दिसते, परंतु सरांच्या मोबाइलवर जुनेच राहते, असेही होईल. त्यांच्या मोबाइलने स्पीकर पहिल्यांदा जोडताना ऐकलेले नाव जपून ठेवलेले असते आणि तो ते प्रत्येक वेळी नव्याने विचारत नाही. सरांनी आपल्या यादीतून तो स्पीकर Forget करून पुन्हा जोडला की नवे नाव येईल. नाव स्पीकरमध्ये पोहोचल्याची खात्री तिसऱ्या मोबाइलवर आधीच झालेली असल्यामुळे, यात ॲपमध्ये पुन्हा काही करण्याची गरज नाही.

आतले नाव देताना एक पथ्य पाळावे. स्पीकर जोडणीसाठी खुला असताना ते नाव आसपासच्या कोणाच्याही मोबाइलवर उमटते, तेव्हा त्यात कोणाचा मोबाइल क्रमांक किंवा पूर्ण नाव घालू नये. स्पीकर हरवला तर परत मिळावा म्हणून लोक क्रमांक लिहितात, पण त्यासाठी तळाची पट्टी आहे. आणि नाव बदलल्याने दुसऱ्याला जोडण्यापासून अडवता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे. साध्या स्पीकरला संकेतांक विचारण्याची सोय नसते. तो मोकळा असेल आणि खुला असेल तर शाळेशेजारच्या पारावर बसलेला मुलगाही तो जोडू शकतो. परिपाठ चालू असताना तुमचा मोबाइल आधीच जोडलेला असला की साधा स्पीकर सहसा दुसऱ्याला वाव देत नाही, म्हणून प्रार्थना सुरू होण्याच्या थोडे आधीच जोडून ठेवणे इष्ट.

नेकबँडचे काम याहून सोपे आहे, कारण तो तुम्ही एकट्याच वापरता आणि तुमच्या मोबाइलमधले नाव बदलले तरी पुरते. एसटीत तुमची फजिती होते ती बहुधा यादीच्या चुकीच्या भागात शोधल्यामुळे. मोबाइलच्या ब्लूटूथ पानावर आधी जोडलेल्या वस्तूंचा एक भाग असतो आणि Pair new device दाबल्यावर आसपासच्या नव्या वस्तूंची दुसरी यादी उघडते. एसटीतल्या सगळ्या प्रवाशांचे खुले असलेले नेकबँड येतात ते या दुसऱ्या यादीत, आणि एकाच मॉडेलचे असल्यास ते हुबेहूब त्याच नावाने येतात. तुमचा नेकबँड एकदा जोडलेला असल्यामुळे तो पहिल्या भागात असतो आणि तुम्ही दिलेले नाव तिथेच दिसते. दुसरी यादी प्रवासात उघडायचीच नाही. घरी, आजूबाजूला दुसरा कोणाचा नेकबँड नसताना, तो जोडून घ्यावा, त्याला "माझा निळा" असे काही रंगावरून नाव द्यावे आणि एसटीत फक्त त्या ओळीवर बोट ठेवावे. घरातही तोच नेकबँड आणखी कोणाकडे असेल तर रंगाऐवजी दुसरी खूण घ्यावी. काही हेडफोन एकाच वेळी दोन ओळींत दिसतात आणि त्यांपैकी एका ओळीच्या आरंभी LE_ असे असते. ती ओळ कंपनीच्या ॲपच्या वापरासाठी असते, आवाजासाठी नव्हे, म्हणून LE_ नसलेली ओळ निवडून तिलाच नाव द्यावे. घरात कोणाकडे एअरपॉड्स असतील तर त्यांची रीत निराळी आहे. आयफोनवर ब्लूटूथच्या पानावर त्यांच्या नावाशेजारच्या i या चिन्हात जाऊन Name बदलले की ते नाव एअरपॉड्समध्येच साठवले जाते.

मोबाइलमध्ये दिलेले नाव जोडणीबरोबरच नाहीसे होते. तुम्ही नवीन मोबाइल घेतला, जुना मोबाइल मूळ स्थितीत आणला, किंवा एखादा स्पीकर अडकला म्हणून Forget करून पुन्हा जोडला, की त्या स्पीकरचे नाव परत BT SPEAKER होईल आणि पेन्सिलीपर्यंत पुन्हा जावे लागेल. परिपाठाच्या स्पीकरचे नाव मोबाइल बदलल्याने जाणार नाही, पण तो स्पीकर बटणांनी मूळ स्थितीत आणल्यास काही मॉडेलवर तेही पुसले जाते. म्हणून शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत या पाचही स्पीकरची नोंद जिथे केली असेल, तिथेच शेऱ्याच्या रकान्यात दिलेले नाव आणि पत्त्याच्या शेवटच्या दोन जोड्या लिहून ठेवाव्यात, आणि परिपाठाच्या स्पीकरसमोर ॲपचे नावही लिहावे, म्हणजे तुमच्या जागी येणाऱ्या शिक्षिकेला चारही वर्ग बंद करून पुन्हा सुरुवातीपासून शोध घ्यावा लागणार नाही.